पदवीधर मुलगा आणि भाताची गिरणी

आमच्या संस्थेच्या ज्या सभासदांची मुले पदवी घेऊन घरी परतली आहेत, त्यांच्याकडून अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो : ह्या मुलाने आता करावे काय ? शिरवळच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळते, पण त्यास पदवीची गरज नसते. स्पर्धा परीक्षेच्या नादात पुण्यास खोली घेऊन राहिलेल्या मुलांची तीन-चार वर्षे कशी निघून जातात, हे वाचकांनी पाहिलेच आहे. बी-बियाण्यांचे दुकान, दुधाचे संकलन, कोंबड्यांची शेड, फवारणीची यंत्रे भाड्याने देणे असे मार्ग पुष्कळ सुचविले जातात, आणि त्या प्रत्येकात काही तथ्य आहे. परंतु भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांपुरते बोलावयाचे झाल्यास आमच्या मते प्रथम विचार भाताच्या गिरणीचा व्हावा. सबब ह्या लेखात त्या एकाच धंद्याचे आतले हिशेब मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे हा सारा मुलूख खाचरांचा आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली मान्यता दिली, तथापि जुन्या सवयीने आम्ही येथे वेल्हेच म्हणतो.) पूर्वी येथे आंबेमोहर होत असे, तो उंच वाढून लोळतो आणि उतारा कमी देतो, म्हणून पुष्कळांनी सोडला. त्याची जागा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली प्रसृत झालेल्या इंद्रायणीने घेतली. आंबेमोहर 157 आणि आय. आर. 8 ह्यांच्या संकरातून ती निपजली असल्यामुळे सुवास एकाकडून व उतारा दुसऱ्याकडून आला. पुण्याचे गिऱ्हाईक ह्या तांदळास आपण होऊन मागणी करते. असे असता आमचे भात बहुधा खळ्यावरूनच व्यापाऱ्याच्या गाडीत चढते, अथवा घरखर्चापुरते गावच्या जुन्या हलरवर जाते आणि निम्मे कणी होऊन परत येते. ही कणी का होते, हे ज्या मुलास समजले त्याला धंद्याचा गाभा समजला असे आम्ही मानतो.

लोक म्हणतात, यंत्र जुने म्हणून तांदूळ फुटतो. हे अर्धेच खरे आहे. दाणा गिरणीत फुटत असला, तरी त्यास चीर त्यापूर्वीच खाचरात व खळ्यावर पडलेली असते. भात कापणीस येते तेव्हा दाण्यात शेकडा 20 ते 22 ओल असते. आमच्याकडे कापलेले भात चुडावर दोन-तीन दिवस आडवे पसरून ठेवण्याची चाल आहे. दिवसा ऊन लागून दाण्याची वरची बाजू सुकते. रात्री कार्तिकातील दंव पडले म्हणजे तीच बाजू पुन्हा ओल पिते व फुगते. आतला भाग मात्र तसाच राहतो. ह्या ओढाताणीत दाण्यास आडवी सूक्ष्म चीर जाते. तूस वर असल्यामुळे ती दिसत नाही. मळणीनंतर तेच भात सिमेंटच्या अंगणात भर दुपारच्या उन्हात पातळ पसरून एका दिवसात सुकविले, तर उरलेसुरले दाणेही चिरतात. पुढे अशा दाण्यावर रबराचा रूळ फिरला काय किंवा लोखंडाचा फिरला काय, त्याचे दोन तुकडे व्हावयाचेच.

ह्याची परीक्षा सोपी असून तीस यंत्र लागत नाही. पोत्याच्या मध्यातून मूठभर भात काढून शंभर दाणे मोजावेत, नखाने तूस सोलावे आणि एकेक दाणा उजेडासमोर धरावा. चिरलेल्या दाण्यात आडवी रेघ केसासारखी चमकते. शंभरांत पाच-दहा चिरलेले निघाल्यास भात उत्तम समजावे; तीस-चाळीस निघाल्यास ते भात तांदळाच्या भावाने विकत घेऊ नये, मग ते कितीही टपोरे दिसो. भात विकत घेऊ इच्छिणाऱ्या मुलाने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

ओलीचीही अशीच परीक्षा आहे. दळण्याच्या वेळी दाण्यात शेकडा 13 ते 14 ओल असावी. त्याहून फार कमी झाल्यास दाणा ठिसूळ होतो. अधिक राहिल्यास तो मऊ राहून दबतो, कोंडा यंत्रास चिकटतो आणि साठवणीत बुरशी धरते. ओल मोजण्याचे लहान यंत्र बाजारात मिळते व गिरणीवाल्यापाशी ते असलेच पाहिजे. ते नसेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत भात व सुके मीठ घालून चांगले हलवावे आणि थोडा वेळ ठेवून पाहावे. मीठ काचेस चिकटले तर ओल 15 च्या वर आहे असे समजावे. अधिक ओलीचे भात घेण्यात वजनाचाही तोटा आहे, तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 16 ओलीचे एक क्विंटल भात 13 वर आणले म्हणजे ते साडेशहाण्णव किलोच भरते. साडेतीन किलो पाण्याचे पैसे गिरणीवाल्याने भरलेले असतात.

म्हणून आम्ही सुचवितो की, मुलाने आपल्या गिऱ्हाइकांस, म्हणजे आसपासच्या शेतकऱ्यांस, कापणीपूर्वीच गाठावे. कापलेले भात दंवात पडू न देता लवकर बांधून झोडावे. ताडपत्रीवर दोन-तीन बोटे जाडीचा थर देऊन अर्ध्या अर्ध्या तासाने वर-खाली करावे. दुपारच्या कडक उन्हाच्या वेळी गोळा करून झाकावे. रात्री दंव लागू देऊ नये. आणि सुकल्यावर आठ-दहा दिवस पोत्यात मुरू देऊनच गिरणीस आणावे. ह्यात खर्च ताडपत्रीचा आणि श्रम घरच्यांचे, एवढेच. सांगणारा मात्र जवळचा व विश्वासाचा हवा.

त्याने होणारा फरक आकड्यांत पाहू. पुढील भाव केवळ हिशेबासाठी धरले आहेत; वाचकांनी तेथे आपल्या बाजाराचे भाव घालावेत. एक क्विंटल स्वच्छ, सुक्या भातापासून चांगल्या गिरणीत साधारण 70 किलो तांदूळ उतरतो. सुमारे 20 ते 22 किलो तूस व बाकीचा मऊ कोंडा निघतो. नीट सुकविलेल्या भाताचा 58 किलो अखंड तांदूळ व 12 किलो कणी निघाली असे धरा. अखंडास 60 रुपये व कणीस 25 रुपये भाव मानल्यास 3,480 अधिक 300 मिळून 3,780 रुपये होतात. त्याच यंत्रातून चिरलेले भात काढल्यास 44 किलो अखंड व 26 किलो कणी मिळेल. त्याचे 2,640 अधिक 650 मिळून 3,290 रुपये होतात. एकूण तांदूळ दोन्हीकडे तेवढाच. परंतु क्विंटलमागे 490 रुपये दंवात वाहून गेले. ज्याच्या घरी वीस क्विंटल भात होते, त्याचे हे 9,800 रुपये झाले.

आता यंत्राकडे वळू. जुन्या हलरमध्ये लोखंडी दात्यांचा रूळ जाळीच्या पेटीत फिरतो आणि दाणा दाबून, घासून तूस व कोंडा एकदमच काढतो. त्या घासण्यात चांगला दाणाही फुटतो, आणि तुसाचे तुकडे कोंड्यात मिसळल्यामुळे कोंड्यास जनावरांच्या खाद्याची किंमत राहत नाही. नव्या गिरणीत ही दोन कामे निरनिराळी केली जातात. प्रथम रबराचे दोन रूळ एकमेकांच्या उलट दिशेने व कमी-अधिक वेगाने फिरतात. दाणा त्यांमधून जाताना एक रूळ त्यास पुढे ओढतो व दुसरा मागे धरतो. त्यामुळे तूस अंगरख्यासारखे सुटते आणि दाण्यावर भार फारसा पडत नाही. मग पंख्याने तूस उडते आणि तपकिरी तांदूळ दुसऱ्या यंत्रात जाऊन हव्या तितक्या प्रमाणात पांढरा होतो.

नवशिक्या गिरणीवाल्याची ठरलेली चूक येथे होते. एकही भात न सोललेले राहू नये म्हणून तो दोन रुळांमधील अंतर कमी कमी करीत जातो. अंतर फार आवळले म्हणजे भात सगळे सुटते, पण कणी वाढते आणि रबर लवकर झिजते. अनुभवी मनुष्य रुळांखालून निघालेले शंभर दाणे मोजतो. त्यांत दहा-पंधरा भाताचे तसेच राहिलेले असले तर अंतर योग्य आहे असे मानतो. मोठ्या गिरणीत हे राहिलेले दाणे चाळणीने वेगळे होऊन परत रुळांकडे जातात. लहान यंत्रात ती सोय नसते. तेथे दोनदा काढणे अथवा किंचित कणी सोसणे ह्यांपैकी एक पत्करावे लागते, आणि यंत्र घेताना विक्रेता हे आपण होऊन सांगत नाही. दोन रुळांपैकी वेगाने फिरणारा रूळ आधी झिजतो, म्हणून मधूनमधून त्यांची अदलाबदल करावी. रूळ झिजून लहान झाले म्हणजे वेगातील फरक नाहीसा होतो, आणि सकाळी चांगला निघणारा तांदूळ विनाकारण फुटू लागल्याचा भास होतो. खळ्यावरच्या भातात खडे असतात. ते आधी चाळून काढले नाहीत तर रबर कापले जाते. अतिशय पांढरा तांदूळ काढण्याचाही मोह धरू नये. प्रत्येक घासणीत वजन घटते आणि इंद्रायणीचा सुवासही कमी होतो.

इतके शिकण्यास यंत्र विकत घेण्याची गरज नाही. कार्तिक ते माघ हा एक हंगाम मुलाने दुसऱ्याच्या गिरणीत पगारावर, पगार न मिळाला तर जेवणाखाण्यावर, काम करावे. अन्नतंत्र किंवा कृषि अभियांत्रिकी शिकलेल्या मुलास रुळांचे कोष्टक लवकर कळेल, परंतु कला शाखेच्या पदवीधरासही ह्यात अवघड असे काही नाही. हिशेबाची वही रोज लिहिण्याची शिस्त मात्र दोघांसही लागते. कृषी पदवीधरांसाठी 2002 साली केंद्र सरकारने कृषि-चिकित्सालय व कृषि-व्यवसाय केंद्रांची योजना काढली. तिचे 45 दिवसांचे शिक्षण हैदराबादच्या मॅनेज ह्या संस्थेच्या देखरेखीखाली देण्यात येत आले आहे. त्याचा उपयोग प्रकल्पाचा अहवाल लिहिण्यास होतो, रूळ आवळण्यास होत नाही.

गिरणी किती मोठी घ्यावी, ह्या प्रश्नावर धंदा तरतो किंवा बुडतो. तीन अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारे लहान जोडयंत्र तासास सुमारे 150 किलो भात काढते. दिवसाचे सहा तास धरल्यास नऊ क्विंटल झाले. किलोस तीन रुपये दर धरला तर दिवसाचे 2,700 रुपये येतात. वीज, एक मदतनीस आणि रबराची झीज मिळून 830 रुपये वजा केल्यास 1,870 उरतात. आता असे भरलेले दिवस वर्षात किती ? भाताचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. त्यातही लग्ने, जत्रा, बंद वीज आणि रिकामे दिवस आहेतच. साठ भरलेले दिवस मिळाले तर आम्ही ते चांगले समजू. साठ दिवसांचे 540 क्विंटल भात होते, आणि घरामागे बारा क्विंटल धरल्यास त्यास 45 घरे लागतात. म्हणून यंत्राचे दरपत्रक मागविण्यापूर्वी मुलाने वही घेऊन वाडी-वाडी हिंडावे आणि अशी 45 घरे आपल्यापाशी येतील काय, त्यांस जवळची दुसरी गिरणी कोणती, हे लिहून काढावे.

साठ दिवसांचे उत्पन्न 1,12,200 रुपये होते. यंत्र व शेड ह्यांसाठी दोन लाख रुपये कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने व शेकडा दहाच्या आसपास व्याजाने घेतले असता वर्षाचा हप्ता सुमारे 51,000 रुपये बसतो. मागे राहतात 61,200, म्हणजे महिन्यास पाच हजार शंभर. एवढ्यावर पदवीधराचा संसार चालणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. घरची शेती सांभाळून करावयाचा हा जोडधंदा आहे. दुसऱ्या टोकास तासास 500 किलोची गिरणी घेतली तर तेच साठ दिवस भरण्यास 1,800 क्विंटल भात, म्हणजे 150 घरे पाहिजेत. एका खोऱ्यात इतकी घरे एकाच गिरणीवर येणे कठीण आहे. अशी गिरणी पाच-सात जणांनी किंवा एखाद्या उत्पादक कंपनीने मिळून काढावी. एकट्या मुलाने काढल्यास पहिल्या दोन हप्त्यांतच त्याची झोप उडेल.

लहान गिरणीवाल्याची मिळकत वाढते ती दुसऱ्यांचे भात मोलाने काढून नव्हे, तर स्वतःचे व शेजाऱ्यांचे निवडक भात ठेवून, वर्षभर ताजा तांदूळ विकून. येथे भात भाताच्याच रूपात साठवावे. तूस हे दाण्याचे उत्तम पांघरूण आहे. तांदूळ करून ठेवल्यास त्यास सोंडे लवकर लागतात, आणि अपुरा सडलेला असल्यास कोंड्यातील तेल महिन्या-दोन महिन्यांत खवट होते. पुण्याचे गिऱ्हाईक महिन्याच्या महिन्याला दहा-वीस किलो घेते, म्हणून महिन्यास लागेल तेवढेच काढावे. समजा पन्नास क्विंटल भात 2,800 रुपयांनी घेतले. 1,40,000 रुपये कार्तिकात अडकले. वरच्या हिशेबाने क्विंटलमागे 3,780 आले, त्यांतून दळणावळ, पिशव्या, वाहतूक व घट मिळून 400 वजा केले, तर 580 उरतात. पन्नास क्विंटलचे 29,000. परंतु ही रक्कम पुढच्या दिवाळीपर्यंत थोडथोडी मोकळी होते. यंत्राच्या कर्जातून उरलेल्या पैशाने भात घेऊ, असे जे म्हणतात त्यांच्याजवळ कार्तिकात पैसा नसतो, असाच अनुभव येतो. खरेदीचे भांडवल आरंभापासून निराळे धरावे. बाजारात आंबेमोहर म्हणून बाहेरचे बारीक, दिसण्यास सारखे तांदूळ खपविले जातात. तेव्हा आपल्या पिशवीवर गाव, जात आणि दळल्याचा महिना लिहिणे हीच लहान गिरणीवाल्याची जाहिरात आहे. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आणि तपासलेले वजनकाटे ही तर लागणारच.

आता कागदपत्रांविषयी, आमचे दिवस महसुली दफ्तरात गेल्यामुळे येथे थोडे विस्ताराने लिहितो. मुलाच्या गिरणीसाठी शेत गहाण टाकावे काय, असे वडील विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार अनुसूचित व्यापारी बँकांनी लहान उद्योगांस निदान दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तरी तारण मागावयाचे नाही. मुलाने उद्योगाची नोंदणी (ती विनामूल्य होते) करून अर्ज द्यावा, आणि तरीही साताबारावर बोजा चढविण्याचा आग्रह झाल्यास तो आदेश नम्रपणे दाखवावा. पतपेढ्यांस हा नियम लागू नाही. तेथे सही करण्यापूर्वी कागद वाचावा.

गिरणीची जागा कोणाची, हा प्रश्न मात्र सुटत नाही. आमच्या तालुक्यांत पुष्कळ साताबाऱ्यांवर अद्याप आजोबांचे नाव आहे. चुलते मुंबईस, आत्या सासरी, आणि वारसांची नोंद झालेलीच नाही. अशा जागेवर शेड बांधल्यास बँक अडते, आणि धंदा चालू लागला म्हणजे भाऊबंद अडतात. वारसाचा अर्ज देऊन, फेरफाराची नोटीस सर्व संबंधितांस लागून, मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करीपर्यंत महिने जातात. म्हणून हे काम आदल्या पावसाळ्यातच उरकावे. त्यापेक्षा गावठाणातील, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर स्वच्छ नाव असलेले जुने घर किंवा गोठा सोयीचा पडतो. दुसऱ्याची जागा असल्यास कर्जाच्या मुदतीहून अधिक वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करावा. शेतातच शेड बांधावयाची असेल तर वापरातील बदलाविषयी तहसील कचेरीत आधी विचारून घ्यावे.

अनुदानाविषयी एक इशारा देणे प्राप्त आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2020 साली जी योजना काढली, तीत प्रकल्पखर्चाच्या शेकडा 35, कमाल दहा लाख रुपये, इतके अनुदान ठेवले होते, आणि स्वतःचे शेकडा दहा तरी घालावे लागत. अशी योजना ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षी चालू आहे किंवा नाही, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारूनच पुढे पाऊल टाकावे. ह्या अनुदानाची रक्कम हाती येत नसे. ती बँकेत निराळ्या खात्यावर राहून, कर्ज तीन वर्षे नीट फेडले आणि गिरणी चालू राहिली तर कर्जात वळती होई. म्हणून पहिले हप्ते पूर्ण कर्जाचे येणार असे धरूनच हिशेब करावा. अनुदान अधिक मिळावे म्हणून मोठे यंत्र घेणे हा तर उफराटा व्यवहार आहे.

राहिली वीज. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालविता येत नाही. तीस महावितरणकडून निराळी जोडणी घ्यावी लागते. डोंगराच्या कुशीतील वाड्यांस विजेचा दाब सायंकाळी पडतो, आणि कमी दाबावर भरलेले यंत्र चालविल्यास मोटार जळते. ठरविलेल्या जागी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहून ठेवावा. सायंकाळी दाब पडत असल्यास दळणाची वेळ सकाळची ठेवावी, आणि तशी पाटी पहिल्या दिवसापासून गिरणीवर लावावी. पावसाळ्याचे चार महिने भाताचे काम जवळजवळ थांबते. त्या काळात त्याच शेडमध्ये नाचणी व इतर धान्याच्या पिठाची लहान चक्की ठेवल्यास मदतनिसाचा पगार सुटतो. वरई काढावयाची असेल तर मात्र तिच्यासाठी वेगळे यंत्र लागते. भाताच्या रुळांत ती घालू नये.